भुजा लांब, म्हणून कोन मोठा?

कोन मोजण्याच्या पहिल्या तासाला सहसा कोनमापकच हातात दिला जातो. सहावीच्या एका शिक्षिकेने आपल्या सहकारी बाईंना लिहिलेल्या पत्राचा विषय असाच एक फसलेला तास आहे. तिने शिरोबिंदू, भुजा, अंश या व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या आणि मुलांना वहीतले कोन मोजायला सांगितले. ६० अंशांच्या कोनाचे उत्तर अनेक वह्यांत १२० आले. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून वाढणारी आणि एक उजवीकडून. मुलांनी नजरेला पडली ती ओळ वाचली होती.

पण खरी चूक त्याहून खोल होती, आणि पत्रातला मोलाचा भाग तोच आहे. तिने फळ्यावर ४० अंशांचे दोन कोन काढले, एकाच्या भुजा वीतभर, दुसऱ्याच्या चार बोटे. मोठा कोणता, असे विचारताच वर्गाने लांब भुजांकडे बोट दाखवले. मुलांना कोन म्हणजे दोन रेघांचे चित्र वाटत होते. एक भुजा दुसरीपासून किती वळली, हे त्यांच्या मनात नव्हतेच. जे मोजायचे तेच ठाऊक नसेल, तर १२० हे उत्तर खटकणार तरी कसे?

पुढच्या तासाला कोनमापक कंपासपेटीतच राहिला. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एका टोकाला टाचणीने जोडून मुलांनी त्या उघडमीट केल्या. मग एक पट्टी कात्रीने अर्धी कापली. उघडीप तेवढीच राहिली. त्यानंतर कागदाला एक घडी घातली आणि त्या घडीची कड तिच्यावरच जुळवून दुसरी घडी घातली. तयार झालेला कोपरा म्हणजे काटकोन. प्रत्येक कोनावर हा कोपरा ठेवून तो काटकोनाहून लहान की मोठा, हे आधी वहीत लिहायचे ठरले.

कोनमापक आला तो तिसऱ्या तासाला. त्याचा मध्यबिंदू शिरोबिंदूवर ठेवायचा, शून्याची रेषा एका भुजेवर बसवायची आणि त्या भुजेवर ज्या ओळीचा शून्य येतो तीच ओळ वाचत जायचे. प्लॅस्टिकच्या कोनमापकात शून्याची रेषा बहुधा खालच्या काठाच्या थोडी वर असते. काठच भुजेवर टेकवला की माप काही अंशांनी चुकते. भुजा आखूड असेल, तर ती पट्टीने वाढवून घ्यायची, कोन बदलत नाही. हे आता मुलांना पटवावे लागले नाही.

६० च्या जागी १२० लिहिणे त्यानंतर जवळपास थांबले, कारण कागदी कोपऱ्याने आधीच ‘लहान’ असे सांगितलेले असे. ८५ आणि ९५ मधला घोळ मात्र नुसत्या नजरेने सुटत नाही. तिथे कोपरा अगदी काटेकोर टेकवावा लागतो आणि घडी जराशी सैल असली तरी तो फसवतो. दोन्ही भुजा तिरप्या असलेले कोनही काही मुलांना अजून जड जातात. त्यांना ती वही फिरवून एक भुजा आडवी करून घ्यायला सांगते.