दोरा तोच, चौकटी वेगळ्या

सहावीतल्या एका मुलाने चौकटीच्या कागदावर ७ चौकटी लांब आणि ५ चौकटी रुंद आयत काढला. कडेच्या चौकटी पेन्सिलने रंगवल्या, मोजल्या आणि लिहिलं, परिमिती २०. शेजारच्या मुलीने लांबी-रुंदीची बेरीज करून दुप्पट केली होती, तिचं उत्तर २४. मोजणी दोघांचीही बरोबर होती. मी दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि गप्प बसले.

मग त्या मुलाच्या हातात दोरा दिला आणि तो आयताच्या रेघेवरून फिरवायला लावला. कोपऱ्यावर बोट थबकलं. ‘बाई, या चौकटीला दोन बाजू आहेत!’ तिथेच ते चार सापडले. कोपऱ्यातल्या चौकटीच्या दोन बाजू कडेला असतात, पण चौकट म्हणून ती एकदाच मोजली जाते. त्याने चौकटी मोजल्या होत्या, परिमितीला रेघ मोजायची असते. ‘म्हणजे चार मिळवायचे’ असा शोध वर्गाने लगेच लावला, तेव्हा मी ५ बाय १ची पट्टी काढायला सांगितली. चौकटी ५, पण दोरा लागला १२ चौकटींच्या बाजूंएवढा. सगळ्याच चौकटी कडेच्या, टोकाच्या तर तीन-तीन बाजू बाहेर. शोध तिथेच बारगळला.

एक सावधगिरी सांगायला हवी. गणिताच्या वहीतली चौकट एक सेंटिमीटरचीच असेल असं नाही, म्हणून आधी मोजपट्टी लावून पाहावी. आणि पट्टीच्या कडेपासून नव्हे, शून्यापासून मोजावं. शून्याच्या आधी थोडी जागा सोडलेली असते आणि तेवढ्यानेच निम्म्या वर्गाचं उत्तर चुकतं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक जोडीला २४ सेंटिमीटरचं वेटोळं केलं. लोकर ताणली जाते, म्हणून जाड शिवणदोरा किंवा सुतळी बरी. गाठीत लांबी जाते, म्हणून दोरा २८ सेंटिमीटर कापायचा, दोन्ही टोकांपासून २ सेंटिमीटरवर शाईची खूण करायची आणि खुणा एकमेकींना भिडतील अशी गाठ मारायची. पुठ्ठ्यावर एक सेंटिमीटर चौकटीचा कागद, त्यात चार टाचण्या, भोवती हा दोरा.

आधी विचारलं, ‘दोरा सगळ्यांचा सारखाच, मग आत मावणाऱ्या चौकटीही सारख्याच ना?’ बहुतेक हात वर. मग टाचण्या हलू लागल्या. ११ बाय १ केला तर आत ११ चौकटी, १० बाय २ला २०, ९ बाय ३ला २७, ८ बाय ४ला ३२, ७ बाय ५ला ३५ आणि ६ बाय ६ला ३६. एका मुलीने विचारलं, ‘साडेसहा बाय साडेपाच केला तर?’ हा प्रश्न सूत्राने उडवून लावू नये. तिने मोजलं: पूर्ण चौकटी ३०, अर्ध्या ११, कोपऱ्यात एक पाव. एकूण पावणेछत्तीस. म्हणजे ३५च्या पुढे, ३६च्या आत. अर्ध्या-पाव चौकटी अशा हाताने जोडल्या, की लांबी गुणिले रुंदी हे अपूर्णांकांनाही कसं लागू पडतं ते कळतं.

या चुकीबद्दल मुलांना हसण्याचं कारण नाही. पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने युक्लिडवर टीका लिहिली, तिच्यात जमीन वाटून घेताना लोक परिमितीवरून कसे फसत ते नोंदलं आहे. लांब कडेची जमीन दुसऱ्याला देऊन, कमी कडेची पण जास्त क्षेत्रफळाची स्वतःकडे ठेवायची आणि वर प्रामाणिक म्हणवून घ्यायचं!

शेवटचं काम वर्गातल्या सूचनाफलकाचं. त्यावर रंगीत कागद चिकटवायचा आणि कडेने झालर लावायची. लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ९०. पहिल्या मोजणीत गटागटांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक आला. कोणाची टेप तिरकी धरलेली, कोणाची मध्येच लोंबकळलेली. पुन्हा मोजायला लावलं. झालर ४२० सेंटिमीटर, कागद १०,८०० चौरस सेंटिमीटर. एका गटाने उत्तर उलटं दिलं: कागद ४२०, झालर १०,८००. मी चूक दाखवली नाही, ‘१०,८०० सेंटिमीटर झालर म्हणजे किती मीटर?’ एवढंच विचारलं. १०८ मीटर ऐकल्यावर त्यांच्यातलाच एक म्हणाला, ‘सगळ्या शाळेला लागेल!’

झालर आम्ही हिशेबाप्रमाणे बरोबर ४२० सेंटिमीटर कापली. ती एका कोपऱ्यात जेमतेम टेकली, चिकटवायला एकावर एक घ्यायला काही उरलंच नाही. तो कोपरा आता चांदणी लावून झाकला आहे.