काळ्या मातीची वळी

काळ्या मातीवर घर बांधायचं, तर ती पाण्याने किती बदलते ते आधी बघतात. चाळलेली माती कालवून पितळी वाटीत थापतात, मधोमध चर पाडतात आणि वाटी १ सेंटिमीटरवरून आपटत राहतात. २५ ठोक्यांत चर तळाशी मिटेल इतकं पाणी, ही लिक्विड लिमिट. मग काचेवर मातीची वळी वळायची. ३ मिलिमीटरला ती तुटू लागली, की प्लास्टिक लिमिट. (इथे हातागणिक फरक पडतोच.)

समजा, कोरड्या मातीच्या वजनाच्या ७० आणि ३० टक्के आलं. ४० टक्क्यांची ही तफावत फार मोठी. अशी माती पावसाळ्यात फुगून जोतं उचलू शकते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरमापर्यंत नेतात. फुगवटा नेमका किती, त्याची चाचणी वेगळी.