प्रूफं तपासून द्या, एवढंच?

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची पहिली कादंबरी १९५७ साली लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेकडे आली. तिची नायिका सव्वीस वर्षांची, न्यूयॉर्कहून आपल्या गावी आलेली. बालपणीचे प्रसंग मधूनमधून आठवणी म्हणून यायचे. संपादक टे होहॉफ यांना खरी कादंबरी त्या आठवणींतच दिसली. त्यांच्या सांगण्यावरून लीबाईंनी पुढची दोनेक वर्षं लिहून-खोडून सगळी गोष्ट लहान मुलीच्या तोंडून सांगितली. १९६० साली ती ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ म्हणून आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. मूळ संहिताही २०१५ साली ‘गो सेट अ वॉचमन’ या नावानं छापली गेली, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.

हे झालं डेव्हलपमेंटल एडिटिंग, म्हणजे आशयसंपादन. गोष्ट कोण सांगतंय, ती कुठून सुरू व्हावी, कुठलं प्रकरण नसलं तरी चालेल, हे प्रश्न इथे विचारले जातात. संपादक सविस्तर पत्र लिहितो, समासात शंका काढतो. पुन्हा लिहायचं ते लेखकानंच. मराठीत ‘मौज’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांबरोबर अशाच चर्चा करत. शुद्धलेखन तपासणं हा त्यातला फार लहान भाग.

आपल्याकडे लेखक बहुधा एवढंच म्हणतो, ‘लिहून झालंय, जरा प्रूफं बघून द्या.’ त्याला यातलं नेमकं काय हवंय, हे त्यालाही ठाऊक नसतं. समजा, एका निवृत्त शिक्षकांचं आत्मकथन आहे. पहिली चाळीस पानं कुळाचा इतिहास. मग हे वाक्य येतं:

‘ईयत्ता सातवीत असताना, १९७२च्या दुष्काळात वडीलांनी विहीरीतला गाळ काढायला घेतला.’

आशयसंपादक म्हणेल, पुस्तक या विहिरीपासून सुरू करा, कुळाचा इतिहास दोन पानांत आणा. शब्दांना तो हातही लावणार नाही. जे वाक्य कदाचित कापलं जाईल, त्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून उपयोग काय?

पुनर्लेखन झालं की कॉपी एडिटर, म्हणजे भाषासंपादक. तो ‘इयत्ता’, ‘वडिलांनी’, ‘विहिरीतला’ असं करेल. ‘वडील’, ‘विहीर’ यांतली दीर्घ ‘ई’ प्रत्यय लागताना ऱ्हस्व होते, हा नियम त्याच्या हातात बसलेला असतो. ‘असताना’पुढचा स्वल्पविराम तो काढेल. पण त्याची खरी परीक्षा पुढे आहे. आधी कुठेतरी लेखकानं आपला जन्म १९६४चा सांगितलाय. मग १९७२ साली तो आठ वर्षांचा, सातवीत कसा? कॉपी एडिटर हे परस्पर बदलत नाही, लेखकाला विचारतो. शिवाय तो एक यादी ठेवतो: ‘नाशिक’ की ‘नासिक’, ‘केले’ की ‘केलं’, आकडे अंकांत की अक्षरांत. जे ठरेल ते शेवटच्या पानापर्यंत पाळायचं. एक धोका मात्र असतो. उत्साही कॉपी एडिटर पात्रांची अहिराणी किंवा मालवणीही ‘शुद्ध’ करून टाकतो. बोली जशीच्या तशी ठेवा, हे त्याला आधीच सांगावं.

मुद्रितशोधन सगळ्यांत शेवटी, पानं लागल्यावर. मुद्रितशोधक मांडणीतून आलेल्या चुका शोधतो. ‘गाळ’चा ‘गळ’ झालाय, अनुक्रमणिकेत पान ८७ आणि प्रकरण ८९वर, पानाच्या माथ्यावर मागच्याच प्रकरणाचं नाव. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं हमखास मोडतात. तिथे प्रत्येक ओळ बघावी लागते. या टप्प्यावर लेखकाला नवा परिच्छेद सुचला तर पुढच्या ओळी सरकतात, पानं बदलतात आणि तपासलेलं पुन्हा तपासावं लागतं.

सगळ्यांना तिन्ही लागतात असं नाही. वर्तमानपत्रात आलेल्या सदराचं पुस्तक करायचं असेल, तर आशयावर बहुधा थोडंच काम उरतं. लेखांतली पुनरुक्ती आणि ‘गेल्या आठवड्यात’सारखे उल्लेख काढले की पुष्कळ झालं. कादंबरी आणि आत्मकथन यांना मात्र आशयसंपादन टाळू नये, विशेषतः वाचायला दिलेली दोन-तीन माणसं एकाच जागी थांबत असतील तर. कथेची वीण पक्की आहे, पण तारखा आणि नावं पानोपानी बदलतात, तिथे भाषासंपादन. छापायला जाणाऱ्या मजकुराचं मुद्रितशोधन मात्र कधीच गाळू नये, आणि ते लेखकानं स्वतः करू नये. स्वतःचं वाक्य तोंडपाठ असतं. डोळा छापलेलं न वाचता मनातलंच वाचतो.

काम देण्याआधी पाच पानं नमुन्यादाखल संपादित करून घ्या, आणि ठरलेल्या पैशांत किती वेळा प्रूफं पाहिली जाणार, हे लिहून घ्या.