सोन्याच्या दागिन्यांत चांदीचा तावीज

लग्नसराईत गळ्यात दोन-तीन हार आणि बोटांत तीन-चार अंगठ्या एकत्र घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तरी एकीच्या अंगावर ते शोभून दिसतात आणि दुसरीच्या अंगावर कपाट रिकामे केल्यासारखे वाटतात. आमच्या मते फरक दागिन्यांच्या संख्येत नसतो. शेजारी-शेजारी आलेल्या दोन वस्तूंत स्पष्ट फरक असेल तर ते ठरवून केलेले दिसते, अगदी थोडा फरक असेल तर चुकल्यासारखे दिसते. सोळा आणि सतरा इंचांच्या दोन साखळ्या एकमेकींवर चढतात, गुंततात आणि लांबून एकच जाड दोरी वाटतात.

लांबीचा हिशेब करताना एक गोष्ट बहुतेक जणींच्या लक्षात येत नाही. साखळी दोन इंचांनी वाढवली, तर ती वाढ दोन्ही बाजूंत वाटली जाते. समोर साखळी जेमतेम एकच इंच खाली उतरते. म्हणून दोन हारांमध्ये समोर दोन बोटांची जागा हवी असेल, तर लांबीत किमान तीन इंचांचा फरक ठेवावा लागतो.

आमच्या भाचीच्या वलीम्याला हाच हिशेब उपयोगी पडला. पलंगावर काळ्या पोतीचा लच्छा होता, सोन्याच्या दोन साखळ्या होत्या, एक सोळा इंची आणि एक अठरा इंची, सोन्याची बोरमाळ होती आणि नानीचा चांदीचा पेटीसारखा तावीज होता. नानी लग्न पाहायला राहिली नाही, म्हणून तावीज गळ्यात हवाच, असा पोरीचा हट्ट. आमची आपा मात्र नाराज. “सोन्यात चांदी घातली तर लोक म्हणतील, सोनं कमी पडलं!”

आपाची भीती अगदीच खोटी नव्हती. सगळ्या सोन्यात चांदीची एकच वस्तू असली की ती उपरी वाटते. तिला सोबत लागते आणि दोघांना जोडणारा दुवा लागतो. दुवा समोरच होता, तो म्हणजे लच्छ्यातले काळे मणी. तावीज चांदीच्या साखळीतून काढला आणि पटवेकऱ्याकडून काळ्या पोतीत ओवून घेतला, मध्ये मध्ये सोन्याचे बारीक मणी घालून. आता वर काळे-सोनेरी आणि खाली काळे-सोनेरी-चांदी अशी ओळ जमली.

लच्छा पंधरा इंचांचा, गळ्यालगत. त्याच्या सरांनीच इंचभर जागा व्यापली होती, त्यामुळे अठरा इंची साखळी त्याखालून जेमतेम डोकावत होती. सोनाराकडून मागे दोन इंचांची जोडसाखळी लावून तिला वीस इंच केले. तावीज अठ्ठावीस इंचांवर आला. खाली जाताना अंतर वाढत गेले की नजर सहज उतरते, आणि जड वस्तू सर्वांत खाली असली की ती जागेवर राहते. सोळा इंची साखळी आणि बोरमाळ पहिल्या जुम्मगीसाठी बाजूला ठेवली. कुर्त्याच्या गळ्यावर जरदोजी असती तर आणखी एक साखळी कमी केली असती, कारण भरतकामाची पट्टीही एक हारच असते. ओढणीची टाचणी हारांपासून दूर, खांद्यावर लावली.

चांदीला सोबत दिली ती बोटांवर. सोन्याच्या दोन बारीक वेढण्यांमध्ये चांदीची एक रुंद अंगठी, तीही एकाच बोटात. शेजारचे बोट मोकळे. तिन्ही सारख्या जाडीच्या असत्या तर नळीचा तुकडा अडकवल्यासारखे दिसले असते. (सोन्याशेजारी एक ग्रॅमचा मुलामा घालू नये. दोन पिवळे रंग जवळजवळ सारखे दिसतात, आणि त्यातला खोटा लगेच ओळखू येतो. चांदी निदान चांदीच असते.)

अंगठ्यांचे माप वेगळे घ्यावे लागते. एकटी सैल बसणारी अंगठी तिघींच्या रांगेत घट्ट होते, कारण रुंद पट्ट्याखाली बोटाचे मांस दबते. माप संध्याकाळी, बोटे किंचित सुजलेली असताना घ्यावे, आणि सगळ्या अंगठ्या एकत्र घालून मूठ वळवून पाहावी. वरची कड पेरात रुतली तर एक अंगठी कमी करावी. वुजू करताना तिन्ही फिरवता आल्या पाहिजेत, खाली पाणी पोहोचले पाहिजे. नाहीतर साबण अडकून कातडी पांढरी पडते आणि खाजते.

खड्याची अंगठी मात्र रांगेत घालू नये. बावीस कॅरेटचे सोने मऊ असते. शेजारच्या अंगठीशी रोज घासून खडा धरणारे दात झिजतात. अंगठी कानाजवळ हलवून पाहावी. बारीक टकटक आली किंवा दाताला ओढणीचा धागा अडकू लागला, तर खडा पडायच्या आत ती सोनाराकडे न्यावी.