हवेच्या टाकीत नक्की काय साठतं?

भिलाईच्या रुआबांधा भागात काय किंवा पुण्या-नागपुरात काय, पंक्चरच्या दुकानाबाहेर लोखंडी टाकीवर बसवलेला कॉम्प्रेसर दिसतोच. तो चालू असताना सिलिंडरपासून टाकीकडे जाणाऱ्या नळीला हात लावला तर चटका बसतो. मोटरने खर्च केलेल्या विजेचा मोठा वाटा त्या चटक्यातून निघून जात असतो.

टाकी 200 लिटरची आणि दाब दुकानदाराच्या भाषेत ‘आठ किलो’ धरू. म्हणजे सुमारे 8 बार. त्यात वातावरणाचा 1 बार मिळवला की 9. अशा टाकीत जेमतेम दोन किलो हवा मावते. तिच्याकडून जास्तीत जास्त 235 किलोज्यूल काम करून घेता येईल. 75 वॅटचा पंखा तेवढ्यावर पन्नासेक मिनिटं फिरेल, तेही यंत्रात काहीच वाया गेलं नाही तर.

गंमत अशी, की टाकीतली हवा थंड होऊन बाहेरच्या तापमानाला आली, की तिच्या रेणूंमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा जास्त ऊर्जा उरलेलीच नसते. हवेची आंतरिक ऊर्जा जवळजवळ पूर्णपणे तापमानावर ठरते, दाबावर नाही. मग पंखा कशावर फिरतो? पसरताना हवा भोवतालची उष्णता शोषते आणि तिचं कामात रूपांतर करते. टाकीत साठलेली असते ती हे करण्याची क्षमता. सगळा तोटा याच मुद्द्याशी येऊन थांबतो.

एक किलो हवा 27 अंशांवरून घेऊन 9 बारच्या टाकीत ढकलायची आहे. दाबताना निर्माण होणारी उष्णता तिथल्या तिथे बाहेर जाऊ दिली आणि तापमान 27 वरच राखलं, तर ते आयसोथर्मल दाबणं. त्याला 189 किलोज्यूल लागतात. पण त्यासाठी पिस्टन अगदी सावकाश चालायला हवा. दुकानातला पिस्टन मिनिटाला शेकडो वेळा वर-खाली होतो, उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. हे झालं अ‍ॅडिअबॅटिक दाबणं. यात हवा 290 अंशांच्या आसपास तापते. तापलेली हवा पसरायला बघते, म्हणून तिला दाबायला जास्त जोर लागतो आणि खर्च 263 किलोज्यूलवर जातो.

ती गरम हवा लगेच वापरली असती, तर हा जादा खर्च परत मिळाला असता. पण टाकीत ती निवते. आता टाकीचा दाब 9 बारवरच टिकवून तिच्यातली 27 अंशांची एक किलो हवा वेगाने पसरू दिली, तर भोवतालची उष्णता आत यायला वेळ नसतो. हवा स्वतःच गारठते, गणिताने उणे 113 अंशांपर्यंत, आणि काम मिळतं फक्त 140 किलोज्यूल. म्हणजे घर्षण, गळती, मोटरचा तोटा काहीही न धरता निम्मी ऊर्जा गेली. हवेतला ओलावा गोठून हवेच्या हत्याराच्या तोंडाशी बर्फ जमतो, तो याच तोट्याची खूण.

उपाय म्हणजे काम टप्प्याटप्प्याने करणं. आधी 3 बार, मग इंटरकूलरमध्ये हवा गार करायची आणि नंतर 9 बार. खर्च 222 किलोज्यूलवर येतो. पसरतानाही दोन टप्पे केले आणि मध्ये हवेला पुन्हा 27 अंशांवर येऊ दिलं, तर 162 मिळतात. परतावा 53 टक्क्यांवरून 73 वर जातो. टप्पे जितके जास्त, तितकं आयसोथर्मलच्या जवळ. पण प्रत्येक टप्प्याला आणखी एक सिलिंडर, आणखी नळ्या आणि आणखी घर्षण.

दाब वाढला की ही अडचण किती बिकट होते, ते हवेवर चालणाऱ्या मोटारीत दिसतं. टाटा मोटर्सने 2007 मध्ये फ्रेंच अभियंता गी नेग्र यांच्या एमडीआय कंपनीशी करार केला. 2012 मध्ये दोन गाड्यांवर तंत्र सिद्ध झाल्याचं जाहीर झालं, पण गाडी बाजारात आली नाही. 300 लिटरच्या टाकीत 300 बार दाबाची हवा भरली, तर आदर्श हिशेबाने सुमारे 12 युनिट वीज भरेल एवढं काम मिळतं. मात्र ती हवा एका दमात पसरू दिली, तर कागदावर तापमान उणे 214 अंशांवर उतरतं. त्याआधीच हवा द्रवरूप व्हायला लागेल. म्हणजे गाडीला वाटेत सतत उष्णता पुरवावी लागणार, आणि ती भोवतालच्या हवेतून घ्यायची तर मोठे रेडिएटर हवेत.

जर्मनीतल्या हुंटॉर्फच्या वीजकेंद्राने 1978 मध्ये सरळ मार्ग धरला. तिथे मिठाच्या भूमिगत पोकळ्यांत हवा साठवतात, दाबताना निघणारी उष्णता सोडून देतात आणि वापरताना नैसर्गिक वायू जाळून हवा तापवतात. केंद्र चालतं, पण फेकलेल्या उष्णतेची भरपाई इंधनाने होते. म्हणून नव्या आराखड्यांत दाबतानाची उष्णताच वेगळी साठवून पसरताना हवेला परत देण्यावर भर आहे. अशा केंद्रात हवेच्या टाकीइतकीच उष्णतेची टाकीही महत्त्वाची ठरते.