बाहेरच्या पडद्यावरची अक्षरं पुसट का दिसतात

मॅकबुकच्या स्वतःच्या पडद्यावर मजकूर कोरल्यासारखा दिसतो. त्याच मॅकबुकला टेबलावरचा सत्तावीस इंची मॉनिटर जोडला की अक्षरं बारीक वाटतात. ती मोठी करायला रिझोल्युशन बदललं की मोठी होतात खरी, पण पुसट होतात. त्यातही इंग्रजीपेक्षा मराठीचे हाल अधिक. शिरोरेषा करडी पडते, ‘द्ध’ आणि ‘द्व’ एकसारखे दिसू लागतात, अनुस्वार मात्रेत मिसळतो. दिवसभर पडद्यावर मुद्रितं तपासणाऱ्यांसाठी ही किरकोळ गैरसोय नव्हे. त्यात चुका निसटतात. दोष मॉनिटरचा असेल असं वाटून लोक केबल बदलतात, मॉनिटर परत करतात. बहुतेक वेळा गोष्ट एका सेटिंगची असते, आणि ते का बिघडतं हे एकदा कळलं की दुरुस्त करणं अवघड नाही.

आधी दोन पडद्यांतला फरक पाहू. मॅकबुक एअरच्या १३.६ इंची पडद्यावर एका इंचात सुमारे २२४ ठिपके मावतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या २७ इंची, २५६० × १४४० ठिपक्यांच्या मॉनिटरवर एका इंचात सुमारे १०९च असतात. म्हणजे तेवढ्याच जागेत आडवे निम्मे आणि उभेही निम्मे. ॲपलने २०१२ साली दाट ठिपक्यांचा ‘रेटिना’ पडदा मॅकबुक प्रोला दिला, आणि पुढे मॅकची अक्षरं रेखाटण्याची पद्धत अशाच पडद्यांकडे पाहून ठरत गेली. पूर्वी प्रत्येक ठिपक्यातल्या लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरून मॅक अक्षराची कड अधिक बारकाईने काढत असे. २०१८ च्या मोजावे आवृत्तीपासून ही युक्ती बंद झाली. दाट पडद्याला तिची गरज नव्हती. साध्या मॉनिटरला होती. मॅक साध्या मॉनिटरवर फिका दिसतो ही तक्रार तेव्हापासून जास्त ऐकू येते.

आता रिझोल्युशन बदलल्यावर नेमकं काय घडतं ते बघू. समजा, मजकूर बारा पॉइंटचा आहे. मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्युशनला, म्हणजे २५६० × १४४० ला असेल, तर मॅक हे अक्षर बारा ठिपके उंचीच्या चौकटीत काढतो आणि मॉनिटरही ते बाराच ठिपक्यांवर दाखवतो. अक्षर लहान, पण स्वच्छ. ते मोठं हवं म्हणून तुम्ही यादीतून १९२० × १०८० निवडता. मॅक अक्षर पुन्हा बाराच ठिपक्यांत काढतो, पण मॉनिटरवर ते सोळा ठिपक्यांवर ताणावं लागतं. तीन ठिपक्यांची नक्षी चार ठिपक्यांच्या रांगोळीवर बसवायची, असा हा प्रकार. एक ठिपका जाडीची शिरोरेषा सव्वा ठिपक्याहून थोडी जाड व्हायला हवी, पण अपुरा ठिपका असत नाही. म्हणून एक ओळ काळी आणि तिच्या बाजूची करडी होते, किंवा दोन्ही करड्या होतात. डोळ्याला हाच पुसटपणा जाणवतो. नवा तपशील कुठूनच आलेला नसतो. होता तोच ताणलेला असतो.

दुसरा मार्ग असा. मॅकने अक्षर बारा ठिपक्यांत न काढता चोवीस ठिपक्यांत, म्हणजे दुप्पट बारकाईने काढायचं आणि मग ते आकसून सोळा ठिपक्यांवर बसवायचं. शेवटी मॉनिटरवरचे ठिपके सोळाच, पण ‘क्ष’ची गाठ किंवा ‘ऱ्य’मधला अर्धा र आधी नीट काढला गेलेला असतो. आकसताना प्रत्येक ठिपक्याला योग्य तेवढाच करडेपणा येतो. मॅकवर या पद्धतीला HiDPI म्हणतात. यात दिसणारं रिझोल्युशन १९२० × १०८०, पण आतलं चित्र ३८४० × २१६० चं असतं. मॅकबुकचा स्वतःचा पडदा नेहमी याच पद्धतीने चालतो. साध्या मॉनिटरला मात्र मॅक ही सोय बहुधा आपणहून देत नाही. सगळी अडचण इथे आहे.

तिसरा मार्ग सगळ्यांत साधा, आणि लोक तो विसरतात. रिझोल्युशन मूळचंच ठेवायचं आणि मजकूर जिथे वाचता त्या ॲपमध्ये मोठा करायचा. सव्वाशे-दीडशे टक्क्यांवर नेलं की अक्षर थेट पंधरा-सोळा-अठरा ठिपक्यांसाठी नव्याने रेखाटलं जातं. ना ताणणं, ना आकसणं. तिन्ही मार्गांत हे अक्षर सर्वांत टोकदार. सफारीच्या सेटिंगमध्ये Websites खाली Page Zoom आहे. तिथे १२५ टक्के एकदा ठरवून दिले की प्रत्येक संकेतस्थळ तसंच उघडतं. लेखनाच्या ॲपमध्येही झूम असतोच. कमतरता एकच : मेन्यू, फाइलींची नावं, खिडक्यांचे मथळे लहानच राहतात.

तेव्हा सुरुवात इथून करावी. System Settings उघडून Displays मध्ये जा, वर बाहेरच्या मॉनिटरचं चित्र निवडा, मग Advanced मध्ये Show resolutions as list सुरू करा. आता चित्रांऐवजी आकड्यांची यादी दिसेल, आणि Show all resolutions सुरू केल्यावर ती पूर्ण होईल. मॉनिटरचं मूळ रिझोल्युशन या यादीतून निवडा. ज्या आकड्याशेजारी low resolution असं लिहिलेलं असतं, तो ताणण्याचा मार्ग. मजकुरासाठी तो घेऊ नये. मूळ रिझोल्युशनवर दोन-चार दिवस झूम वापरून काम करून पाहा. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो.

मेन्यूही मोठे हवे असतील तर HiDPI मिळवावं लागतं, आणि त्यासाठी BetterDisplay हे ॲप बरेच लोक वापरतात. त्याच्या काही सोयी फुकट आहेत, काहींना पैसे पडतात. ॲपच्या सेटिंगमध्ये आपला मॉनिटर निवडून त्या मॉनिटरची सिस्टीम पातळीवरची नोंद बदलण्याची परवानगी द्यायची आणि flexible scaling सुरू करायचं. यासाठी मॅकचा प्रशासकीय पासवर्ड लागतो आणि नंतर मॅक पुन्हा सुरू करावा लागतो. त्यानंतर रिझोल्युशनच्या पर्यायांत HiDPI पायऱ्या येतात. आपल्या २७ इंची मॉनिटरवर मी एकदम १९२० × १०८० वर जाणार नाही. २०४८ × ११५२ पाहावं. त्यात सगळं मूळच्या सव्वापट मोठं होतं आणि जागाही बरीच उरते. १९२० × १०८० मध्ये सगळं मूळच्या एक-तृतीयांशाने मोठं दिसतं, आणि दोन कागदपत्रं शेजारी उघडली की दाटी होते.

HiDPI खरंच चालू झालं की नाही, हे डोळ्यांवर सोडू नये. Command, Shift आणि 3 एकत्र दाबून पडद्याचं चित्र घ्या. दोन पडदे असतील तर दोन फाइली तयार होतात. बाहेरच्या मॉनिटरच्या फाइलची माहिती उघडून तिची मापं बघा. रिझोल्युशन १९२० × १०८० दाखवत असताना फाइल ३८४० × २१६० ची असेल, तर दुप्पट रेखाटन सुरू आहे. फाइलही १९२० × १०८० चीच असेल, तर तुम्ही ताणलेल्या पर्यायातच आहात.

हे चित्र पुसटपणा दाखवण्यासाठी मात्र उपयोगी नाही. ते आतल्या रेखाटनाचं असतं, मॉनिटरच्या ठिपक्यांवर बसवण्याआधीचं. म्हणून पुसट मजकुराचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवला तर त्याला तो व्यवस्थित दिसतो आणि तक्रार खोटी वाटते. पुसटपणा दाखवायचा असेल तर मोबाइलने मॉनिटरचा जवळून फोटो काढा. त्यात शिरोरेषेची एक काळी ओळ आहे की दोन करड्या, ते स्पष्ट दिसतं.

सगळं नीट असूनही अक्षरांभोवती पांढरी कड दिसत असेल, तर मॅक सोडून मॉनिटरच्या बटणांकडे वळा. मॉनिटरच्या मेन्यूत Sharpness नावाचं माप असतं. ते वाढवल्याने अक्षर टोकदार होत नाही, फक्त कडेचा फरक भडक केला जातो. काळ्या अक्षराभोवतीचं ते पांढरं वलय जाईपर्यंत ते कमी करत जावं. काळ्यावरची लाल किंवा निळी अक्षरं तेवढी फुटल्यासारखी दिसत असतील, तर रंगांची माहिती कमी बारकाईने मॉनिटरपर्यंत पोचते आहे. असं बहुधा एचडीएमआयवर, मॅकने मॉनिटरला टीव्ही समजल्यावर होतं. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलने जोडून पाहिलं की पुष्कळदा ते जातं.

आणखी एक माप अक्षरांच्या जाडीचं. मॅक अक्षरांना किंचित जाडी देतो. विरळ ठिपक्यांवर या जाडीने जोडाक्षरांतली पोकळी भरून येते आणि ‘ष्ट’, ‘ङ्क’ काळे ठोकळे होतात. ही जाडी कमी करण्याचं खूणपट्टीचं बटण बिग सर आवृत्तीपासून सेटिंगमधून काढून टाकलं आहे, पण Terminal मधून ते अजून बदलता येतं :

```
defaults -currentHost write -g AppleFontSmoothing -int 1
```

शेवटचा आकडा 0 ते 3 असू शकतो. 0 म्हणजे जाडी अजिबात नाही. लॉगआउट करून पुन्हा आल्यावर फरक दिसतो. मराठीसाठी 1 ने सुरुवात करावी असं मी म्हणेन. इंग्रजीला 0 छान दिसतो, पण त्यात शिरोरेषा फार बारीक होते. मूळ स्थितीला जायचं असेल तर याच आज्ञेत write च्या जागी delete लिहायचं आणि शेवटचं -int 1 काढायचं.

विंडोजवाल्यांना यातलं बरंचसं करावं लागत नाही. तिथे रिझोल्युशन Recommended लिहिलेलंच ठेवायचं आणि Scale १२५ टक्के करायचं. बहुतेक ॲप अक्षरं नव्या मापाने थेट रेखाटतात, मेन्यूंसकट. म्हणजे वरचा तिसरा मार्गच, पण सगळ्या पडद्याला लागू. विंडोजवरही कुणी अक्षरं मोठी करायला Scale ऐवजी रिझोल्युशन कमी केलं, तर पुसटपणा तसाच येतो.

HiDPI ने मॉनिटरचे ठिपके वाढत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावं. आतलं चित्र ८३ लाख ठिपक्यांचं असलं तरी मॉनिटर दाखवतो ते ३७ लाखच, आणि मॅकबुकच्या पडद्याशी त्याची बरोबरी होणार नाही. जुन्या इंटेल मॅकवर एवढं मोठं चित्र सतत आकसताना खिडक्या सरकवणं जड वाटू शकतं. एम-मालिकेच्या मॅकवर सहसा जाणवत नाही. २४ इंची, १९२० × १०८० च्या मॉनिटरवर इंचाला जेमतेम ९२ ठिपके असतात. तिथे मुळात हात राखूनच अपेक्षा ठेवावी आणि झूमवरच भर द्यावा. नवा मॉनिटर घ्यायची वेळ आलीच आणि काम मराठी मजकुराचं असेल, तर २७ इंचात ३८४० × २१६० चा घ्या. त्यात इंचाला १६३ ठिपके असतात, मॅक त्याला HiDPI आपणहून देतो, आणि १९२० × १०८० ठेवल्यावर एकाला नेमके दोन ठिपके पडतात. ताणायचं नाही, आकसायचं नाही.