सवलत दाराशी नाही, वहीत असावी

डोंबिवलीसारख्या उपनगरातलं एखादं छोटं ब्युटी पार्लर डोळ्यांसमोर आणा. मालकीण, हाताखाली एक शिकलेली मदतनीस मुलगी, दोन खुर्च्या आणि पडद्यामागे फेशियलचा एक बेड. रविवारची सकाळ, आठवड्यातली सर्वांत गर्दीची वेळ. अकराला एक काकू केसांच्या मुळांना रंग लावायला, म्हणजे रूट टचअपला येणार आहेत. साडेअकराला एक कॉलेजची मुलगी हेअरकटला, साडेबाराला एक ताई फेशियलला आणि दीडला आणखी एक जण.

बाहेरून पाहणाऱ्याला हे एकामागून एक काम वाटतं, पण पार्लरची वही तशी चालत नाही. मुळांना रंग लावायला अर्धा तास जातो. मग तो केसांवर साधारण पस्तीस मिनिटं राहू द्यावा लागतो. त्यानंतर धुणं आणि ब्लो ड्राय, अशी आणखी पंचवीस मिनिटं. मधल्या पस्तीस मिनिटांत मालकिणीचे हात मोकळे असतात आणि त्याच वेळात हेअरकट होतो. काकूंच्या डोक्यावर रंग मुरत असताना शेजारच्या खुर्चीवर कात्री चालते. पार्लरची कमाई या गुंफणीवर उभी असते आणि उशिरा आलेलं माणूस तीच विस्कटतं.

काकू अकराऐवजी अकरा पंचवीसला आल्या आणि मालकिणीने भिडेखातर त्यांना लगेच खुर्चीवर घेतलं, असं समजू. रंग लावून होईपर्यंत अकरा पंचावन्न. हेअरकटची मुलगी वेळेवर येऊन पंचवीस मिनिटं बसून राहिली. तिचे केस कापून होतात बारा पंचवीसला, काकूंचा रंग धुवायला तयार होतो साडेबाराला आणि फेशियल सुरू होतं बारा पंचावन्नला. दीडच्या बाईंनाही पंचवीस मिनिटं थांबावं लागतं. उशीर पुढे सरकताना कमी होत नाही, जसाच्या तसा पुढच्या प्रत्येकीच्या पदरात पडतो. उशीर एकीचा, वाट तिघींची. त्या तिघींतही जुनी, विश्वासाची गिऱ्हाइकं असतात. नियम केला तर नेहमीच्या बाया दुखावतील, या भीतीत वेळेवर येणाऱ्या नेहमीच्या बायांचा हिशेबच धरलेला नसतो.

बहुतेक पार्लरांत ‘दहा मिनिटं चालतील’ असं तोंडी सांगितलेलं असतं. अडचण अशी की ती दहा मिनिटं वहीत कुठेच नसतात. दारात दिलेली सवलत मग पुढच्या बाईच्या वेळेतून कापली जाते. म्हणून जेवढी सवलत द्यायची, तेवढी मोकळी जागा आधी वहीत ठेवायला हवी.

तीच सकाळ पुन्हा मांडू. काकू अकराला, हेअरकट अकरा चाळीसला, फेशियल बारा चाळीसला. आता काकू अकरा दहाला आल्या तरी रंग अकरा चाळीसला लावून होतो, हेअरकट वेळेवर सुरू होऊन बारा दहाला संपतो, रंग सव्वाबाराला धुवायला घेता येतो आणि बारा चाळीसला काकू तयार होऊन उठतात. फेशियलच्या ताई येतात तेव्हा मालकीण मोकळी असते. दहा मिनिटांचा उशीर जागच्या जागी जिरला, कुणाला कळलाही नाही.

याची किंमत आहे. प्रत्येक कामामागे दहा मिनिटं सोडली की सहा कामांमागे एक तास जातो, म्हणजे दिवसाला साधारण एक अपॉइंटमेंट कमी घेता येते. ती किंमत डोळसपणे मोजावी, कारण ठासून भरलेल्या वहीत तोच तास संध्याकाळी माफी मागण्यात आणि उशिरापर्यंत थांबण्यात जातो.

दहा मिनिटांच्या पुढे काय करायचं, हे घड्याळापेक्षा कामावर ठरवावं. काही कामांना कात्री लावता येते, काहींना नाही. तासाभराच्या फेशियलमध्ये वीसेक मिनिटं मसाजची असतात. बाई वीस मिनिटं उशिरा आल्या तर दहा मिनिटं वहीतल्या मोकळ्या जागेतून आणि दहा मसाजमधून निघतात आणि काम वेळेवर संपतं. मात्र ते त्यांना बेडवर झोपण्याआधी सांगायचं आणि दरही लहान फेशियलचाच लावायचा. रंगाचं तसं नाही. वेळ वाचवायला तो पंधरा मिनिटं आधी धुतला, तर पांढरे केस नीट झाकले जात नाहीत आणि चार दिवसांनी बाई तक्रार घेऊन येतात. तिथे वाचवण्याजोगा फक्त ब्लो ड्राय असतो. वॅक्सिंग घाईत केलं तर भाजण्याची, कातडी सोलण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक कामापुढे वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा लिहून ठेवावा : इतक्या मिनिटांपर्यंत पूर्ण काम, इतक्यांपर्यंत आटोपशीर काम, त्यापुढे वेळ बदलायची. थ्रेडिंगसारख्या दहा मिनिटांच्या कामाला असला हिशेब लागत नाही, ते मदतनीस मध्येच उरकते.

आता पंचवीस मिनिटं उशिरा आलेल्या काकूंकडे वळू. नव्या वहीप्रमाणे मालकीण त्यांना परत पाठवत नाही आणि हेअरकटच्या मुलीलाही ताटकळत ठेवत नाही. ती सांगते, “काकू, अकरा चाळीसची मुलगी येईलच. तिचं झालं की बारा दहाला तुमचा रंग लावते. तोवर तुमच्या आयब्रो ही करून देईल किंवा बाजारातलं काही काम असेल तर उरकून या. तुम्ही पावणेदोनपर्यंत मोकळ्या व्हाल. नाहीतर चारची वेळ आहे, तेव्हा निवांत करू.”

या बोलण्यात ‘उशीर’ हा शब्दही नाही. दोन खरे पर्याय आहेत आणि निवड काकूंची आहे. त्यांनी पहिला पर्याय घेतला तर बारा चाळीसला रंग लावून होतो आणि मालकीण फेशियलकडे वळते. सव्वाला मदतनीस काकूंचे केस धुते आणि एक चाळीसला ब्लो ड्राय संपवते. मसाज मध्येच सोडून मालकिणीला उठावं लागत नाही. अट एवढीच की सव्वा ते एक चाळीस मदतनीस मोकळी हवी, म्हणून पर्याय देण्याआधी वहीत तिचा रकाना पाहायचा. ती गुंतलेली असेल तर पहिला पर्याय द्यायचाच नाही.

यातलं बरंचसं बोलणं दारात होण्याआधी फोनवर झालं तर आणखी बरं. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी जाव्यात : ‘ताई, उद्या सकाळी 11 ला तुमची रूट टचअपची वेळ ठेवली आहे. 11:10 पर्यंत आलात तर पूर्ण काम वेळेत होईल. उशीर होणार असेल तर कळवा, दुसरी वेळ बघून ठेवते.’ लग्नानंतर ठाण्याला किंवा मुलुंडला गेलेल्या काही जणी जुन्या पार्लरला सोडत नाहीत, लोकलने येतात. मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक आधी जाहीर होतो, त्यामुळे त्यांना शनिवारीच पुढची वेळ सुचवता येते. ठरलेल्या वेळेनंतर पाच मिनिटांत मदतनिसीने फोन करावा आणि ‘कुठे आहात?’ याऐवजी ‘साधारण किती वाजता पोचाल?’ असं विचारावं. नेमकी वेळ कळली की वही हलवता येते.

मग दंड का लावू नये? यावर इस्रायलमधल्या हायफा शहरात झालेला एक प्रयोग बोलका आहे. उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांमध्ये तो केला आणि 2000 साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला दहा मिनिटांहून जास्त उशीर करणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी लहानसा दंड लावला. उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी वाढले आणि दंड काढून टाकल्यावरही ते पूर्वीइतके खाली आले नाहीत. आधी बाईंना थांबावं लागेल याचा संकोच होता, दंड आल्यावर उशीर ही पैसे देऊन घेण्याची सोय झाली. पार्लरमध्येही शंभर रुपयांनी हेअरकटच्या मुलीची पंचवीस मिनिटं परत येत नाहीत आणि दहा वर्षांच्या गिऱ्हाइकाशी नातं मात्र व्यवहाराचं होतं. लग्नाच्या मेकअपसारख्या कामाला आगाऊ रक्कम घेणं वेगळं. तिथे अख्खी सकाळ एकीसाठी राखलेली असते आणि मुहूर्त कुणासाठी थांबत नाही.

काही जणी मात्र दर वेळी उशिराच येतात. त्यांना मुद्दाम पाऊण तास आधीची वेळ सांगण्याची युक्ती पुष्कळ जणी वापरतात, ती टाळावी. ज्या दिवशी त्या खरोखर वेळेवर येतील, त्या दिवशी त्यांना बसून राहावं लागेल आणि इथली वेळ खरी नसते हे कळेल. त्यांना दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधीची वेळ द्यावी. मागे कुणी ताटकळणारं नसलं की त्यांच्या उशिराचा भार दुसऱ्या कुणावर पडत नाही, सुट्टीतली दहा-पंधरा मिनिटं तेवढी जातात. जुन्या गिऱ्हाइकाचा मान राखायला इतर जागा आहेत : दिवाळीच्या आठवड्यातल्या वेळा आधी त्यांना विचाराव्यात, रविवारची पहिली निवड त्यांची असावी. नियम मात्र सगळ्यांना एकच ठेवावा, कारण पार्लरमध्ये बायका एकमेकींशी बोलतात आणि एकीला दिलेली मोकळीक दुसरीला लगेच कळते.

नियम लागू करण्याआधी तीन आठवडे वहीत दोन वेळा लिहाव्यात : दिलेली वेळ आणि गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं ती वेळ. बाई वेळेवर येऊनही खुर्चीवर उशिरा बसली, तर दोष पार्लरचा आहे. वेळेवर आलेल्या बाईला दोन-तीनदा वीस मिनिटं बसवून ठेवलं की ती आपोआप वीस मिनिटं उशिरा यायला लागते आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. म्हणून गिऱ्हाइकाला जे दहा मिनिटांचं बंधन, तेच पार्लरलाही हवं. आपल्याला उशीर होतोय असं दिसलं की तिला घरातून निघायच्या आधी फोन गेला पाहिजे.

पार्लर, दवाखाना, शिंपीकाम किंवा शिकवणी, वेळ देऊन चालणारा तुमचा कोणताही व्यवसाय असो, आज वही उघडून पाहा. तुम्ही तोंडाने देता ती दहा मिनिटं तिथे लिहिलेली नसतील, तर ती वेळेवर येणाऱ्या माणसाच्या खिशातून जात आहेत. आधी ती वहीत लिहा आणि मगच नियमाचा कागद दारावर लावा.